ईशानच्या ट्रेकसाठी फिटनेस सर्टिफिकेटबाबत

दि. १० नोव्हेंबर २०२५

आदरणीय डॉक्टर मॅडम यांस,

स. न. वि. वि.

ईशानच्या शाळेचा २२ आणि २३ नोव्हेंबरला ट्रेक आहे. तो आता बारा वर्षांचा आहे, सातवीत. पहिल्या दिवशी साधारण नऊ किलोमीटर चाल आणि सातशे मीटरची चढण आहे, पाठीवर चार-पाच किलोची सॅक असेल, रात्री तंबूत मुक्काम. शाळेला फिटनेस सर्टिफिकेट सोमवारी, १७ तारखेपर्यंत हवे आहे. दोन ओळी लिहून सही द्या, एवढीच विनंती करून थांबता आले असते. पण त्याला नीट तपासूनच लिहावे, म्हणून हे सविस्तर पत्र आधी पाठवते आहे.

दम्याचे तुम्हाला ठाऊकच आहे. बुडेसोनाइडचा पंप स्पेसर लावून सकाळ-संध्याकाळ चालू आहे, एकही दिवस चुकलेला नाही. गेल्या जानेवारीत तुमच्याकडे नेब्युलायझर द्यावा लागला होता, त्यानंतर तशी वेळ आली नाही. निळा पंप शेवटचा लागला तीन आठवड्यांपूर्वी, फुटबॉल खेळून आल्यावर. दोन पफ घेतले आणि दहा मिनिटांत श्वास मोकळा झाला. पीक फ्लो रोज सकाळी ३२० ते ३४० च्या दरम्यान येतो, पण थंडी वाढली त्या एका पहाटे तो २९० वर आला होता. मला काळजी आहे ती याचीच. तंबूतली पहाट गार असणार आणि उठल्या उठल्या चढण सुरू. चढण्याआधी पंधरा मिनिटे दोन पफ घ्यायचे का, हे तुम्ही ठरवून सर्टिफिकेटवरच लिहिलेत तर शिक्षकांनाही ते पाळता येईल.

आणखी एक ओळ त्यात हवीच आहे. मुलांची औषधे शिक्षकांकडे जमा करायची, असा शाळेचा नियम आहे. गेल्या वर्षी खेळांच्या दिवशी त्याला धाप लागली तेव्हा पंप ऑफिसच्या कपाटात होता आणि चावी ज्यांच्याकडे होती ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. मुलगा पायरीवर बसून, गुडघ्यांवर हात रोवून, खांदे वर ओढत श्वास घेत होता. सहा-सात मिनिटांनी पंप मिळाला. डोंगरात रांग लांबते, शिक्षक शेवटी आणि हा पुढे असला तर काय होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसते. म्हणून 'निळा पंप आणि स्पेसर मुलाने स्वतःजवळ ठेवावा' असे तुमच्या अक्षरात लिहून द्या. माझे म्हणणे शाळेने ऐकले नाही, तुमचे ऐकतील.

शाळेच्या फॉर्मवर 'कधी बेशुद्ध पडला आहे का' आणि 'घरात कोणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झाला आहे का' असे दोन प्रश्न आहेत. दोन्हींना माझे उत्तर 'हो' आहे. जूनमध्ये प्रार्थनेला तो उपाशीपोटी उन्हात उभा असताना चक्कर येऊन पडला, मिनिटभरात उठला. धावताना किंवा चढताना असे कधी झालेले नाही. पण त्याचे थोरले काका अडतिसाव्या वर्षी झोपेतच गेले आणि कारण शेवटपर्यंत कळले नाही. हे मी तुम्हाला आजवर सांगितले नव्हते, सांगायला हवे होते. ईसीजी किंवा आणखी काही तपासणी लागली तर जरूर करू, त्यासाठी ट्रेक हुकला तरी चालेल. फक्त काकांचा विषय ईशानसमोर काढू नका. ते आजाराने गेले, एवढेच त्याला माहीत आहे. बाकीचे त्याचे बाबा त्याला सवडीने सांगणार आहेत.

बाकी नोंदींसाठी: वजन ३८ किलो, उंची १४८ सेंटीमीटर, रक्तगट बी पॉझिटिव्ह. टीडीची लस दहाव्या वर्षी झाली आहे. अमॉक्सिसिलिनने चौथ्या वर्षी अंगावर पित्त उठले होते, त्याचा उल्लेख सर्टिफिकेटमध्ये असावा. शाळेला ते लेटरहेडवर, तारीख, सही-शिक्का आणि तुमच्या नोंदणी क्रमांकासह लागते. तपासणी ट्रेकच्या आधीच्या पंधरा दिवसांतली हवी.

तपासून 'पाठवू नका' असे वाटले तर तसेच स्पष्ट लिहा. सॅक न घेता किंवा फक्त पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊ द्यावे असे वाटले, तर तेही चालेल. त्याला मी समजावेन. त्याने कालच सॅक भरून दाराशी ठेवली आहे, त्यामुळे समजावणे सोपे नसेल, पण त्याचे दडपण तुम्ही घेऊ नका.

गुरुवारी, १३ तारखेला, शाळा सुटल्यावर साडेपाचला त्याला घेऊन येते. दोन्ही पंप, स्पेसर, पीक फ्लोची वही आणि शाळेचा फॉर्म सोबत असेल. ती वेळ सोयीची नसेल तर शुक्रवारी संध्याकाळची कुठलीही कळवा.

आपली नम्र,
ईशानची आई