तन्वीस, दसऱ्यानिमित्त

पुणे, खंडेनवमी, 1 ऑक्टोबर 2025

प्रिय तन्वी,

दसऱ्याच्या तुला आणि तुझ्या घरच्यांना मनःपूर्वक शुभेच्छा. उद्या कार्यालय बंद असल्यामुळे सरस्वतीपूजन आपण आजच उरकत आहोत, आणि पाटावर दौत, बोरू व पोथी यांच्या शेजारी तू तयार केलेली नवी सूचीवही ठेवावी, असे आम्हा सर्वांना वाटले. शुक्रवारी, 10 तारखेला, तुझी उमेदवारी संपेल. त्यापूर्वी तुझ्या कामाविषयी मला जे वाटते ते लेखी द्यावे, म्हणून हे पत्र.

तू जूनमध्ये आलीस तेव्हा मोडीची अक्षरओळख तुला होती, परंतु ओळख असणे आणि कागद वाचता येणे यांत किती अंतर असते, हे या विभागात बसल्याशिवाय कळत नाही. शिरोरेघ आधीच आखलेली, शब्दांत जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि लिहिणाऱ्याचा हात घाईचा, अशा कागदांपुढे पुष्कळ जण अंदाजाने वाक्य पुरे करतात. तू तसे एकदाही केले नाहीस. जे लागले नाही तिथे टिंबे दिलीस, जे संशयास्पद वाटले त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलेस, आणि त्यामुळे तुझ्या लिप्यंतरावर पुढचा वाचक विश्वास ठेवू शकतो. हा गुण मी सर्वांत वर मानते.

तारखांचे काम तर मला विशेष नोंदवायचे आहे. जुन्या यादीत सुहूर सनात सरसकट 599 मिळवून इसवी सन दिलेला होता. सुहूर वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, तेव्हा जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदांना 600 मिळवावे लागतात, आणि तसे न केल्याने ते सगळे कागद एक वर्ष मागे गेले होते. तुला हे ‘इहिदे सितैन मया व अलफ, छ 12 जमादिलाखर’ या मितीच्या धान्याविषयीच्या पत्रावरून लक्षात आले. यादीत त्यापुढे 1760 होते. तू हिजरी महिन्याशी ताळा घेऊन ते जानेवारी 1761 चे असल्याचे दाखवलेस. मितीवरून ते पानिपतच्या लढाईनंतर अवघ्या काही दिवसांचे ठरते. अशा वेळी लढाईशी नाते जोडण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो, पण तू शेऱ्यात ‘मजकुरात लढाईचा उल्लेख नाही’ एवढेच लिहून थांबलीस. तो शेरा वाचून मला फार समाधान वाटले. त्यानंतर साऱ्या रुमालांतल्या मित्या पुन्हा तपासण्याचे कंटाळवाणे काम तू आपणहून मागून घेतलेस आणि शेवटपर्यंत नेलेस.

कोठाराच्या हिशेबाची गोष्टही अशीच. वीस मणांची खंडी धरून बेरीज जुळेना, तेव्हा आकडा वाचण्यात चूक असेल असे समजून तू सोडून दिले नाहीस. मधला एखादा बंद नसावा असे म्हणालीस, आणि तो शेजारच्या रुमालात, कसरीने कडा खाल्लेल्या अवस्थेत सापडला. कागद वाचणारे पुष्कळ भेटतात. त्याची बेरीज करून पाहणारे थोडे.

आता पुढच्या दृष्टीने दोन शब्द. तुझा पत्रांवर हात बसला आहे, तसा तो हिशेबी कागदांवर अजून बसायचा आहे. आणे-पैच्या खुणा आणि धान्याची मापे यांत तू अजून अडखळतेस, आणि ते केवळ सरावाने सुटणारे आहे. फारसी शब्दांसाठी तू केलेली टाचणे मात्र टाकून देऊ नकोस. त्यांची नीट वही कर, कारण पदव्युत्तर अभ्यासाला पेशवाईचा आर्थिक इतिहास घेण्याचा तुझा विचार कायम असेल, तर पेशवे दफ्तरात बसल्यावर तीच वही तुझ्या हाताशी लागेल. तो विचार कायम ठेवावास, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. या विषयाला बखरींइतकेच कोठारांच्या हिशेबांतून वाचणारी माणसे हवी आहेत, आणि तुझ्या ठायी त्याला लागणारी चिकाटी आहे.

नव्या सूचीच्या प्रस्तावनेत मितीदुरुस्तीचे काम तुझ्या नावाने नोंदवले आहे. अनुभवपत्र तयार आहे. त्यात वरील दोन्ही कामांचा स्पष्ट उल्लेख केला आहे, म्हणजे प्रवेशाच्या वेळी तुला वेगळे सांगावे लागणार नाही. शुक्रवारी कपाटाच्या किल्ल्या जमा करताना ते माझ्याकडून घेऊन जा, आणि अपुऱ्या राहिलेल्या दोन रुमालांची टिपणे पुढे येणाऱ्या विद्यार्थ्याला समजतील अशी लिहून ठेव. शंका विचारायला कधीही ये. दुपारी चारनंतर मी विभागातच असते. आई-बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
अनुराधाताई
अभिलेख विभाग