हात जिथं जातो तिथं

बाबा यावेळी पूर्ण तयारीनं आले होते. आजीला कायमचं शहरात न्यायचं हे त्यांनी पक्कं ठरवलेलं. रात्री जेवणं झाल्यावर मोबाईल काढून तिला फ्लॅटमधली खोली दाखवायला लागले, हा तुझा बेड, ही खिडकी, आणि हे बघ बाथरूममधे स्टीलचा दांडा लावून घेतलाय, टाईल्सपण न घसरणाऱ्या आहेत, लिफ्ट तर दारातच.

आजी फोन डोळ्यांशी नेऊन एकेक फोटो बघत होती. तिला काचबिंदू आहे, समोरचं थोडं दिसतं, बाजूचं जवळजवळ गेलंय, आणि गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप्सनी फक्त उरलेली टिकवायची. गेल्या महिन्यात मागच्या पायरीवरून ती पडली तेव्हापासून बाबांना नीट झोप नाहीये हे आम्हाला घरात सगळ्यांना माहितीये.

"छान केलंस रे सगळं," ती म्हणाली. "खिडकी तर मला फारच आवडली."

बाबा खूष झाले, म्हणाले, मग उद्याच निघू.

आणि तेवढ्यात लाईट गेले. बाबा मोबाईलचा टॉर्च लावायला गडबडीनं उठले आणि खुर्चीला धडकले, फोन कुठंतरी खाली पडला. मी जागेवरच थांबले. अंधारात फक्त आजीची पावलं ऐकू येत होती, जराही अडखळत नव्हती, कपाटाचं दार वाजलं, काडी ओढल्याचा आवाज आला आणि ती मेणबत्ती घेऊन आमच्यासमोर उभी.

"लागलं का रे तुला?" तिनं पहिलं हेच विचारलं.

मग ती बाबांच्या शेजारी बसली, त्यांचा गुडघा चोळत हळूच म्हणाली, "या घरात मला फक्त कमी दिसतं. तुझ्याकडं आले ना, की मी आंधळी होईन बाळा. पाणी प्यायचं तरी कुणालातरी हाक मारावी लागेल. तू प्रेमानं बोलावतोयस, मला कळतं ते. पण अजून थोडे दिवस मला माझं माझं उठू दे."

"आणि परत पडलीस तर?"

"त्या पायरीचं काहीतरी कर ना मग. तू आहेस की."

बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. आजीनंही घाई केली नाही, गुडघा चोळत राहिली.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा मागच्या दारात ड्रिल आणि तसलाच एक दांडा घेऊन उभे होते, दुकान उघडायच्या आधीच तिथं जाऊन थांबले असणार.

"आई, डोळे मिट आणि रोजच्यासारखी उतर बरं."

आजी डोळे मिटून उतरली. दुसऱ्या पायरीला तिचा हात आपोआप भिंतीकडं गेला, आणि तो जिथं टेकला बरोबर तिथं बाबांनी पेन्सिलनं खूण केली.