विषय: डेटा अ‍ॅनालिस्ट पदाची मुलाखत – तुमचं मत कळेल का?

मॅडम, नमस्कार.

या पदासाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाल्याचा एचआरचा मेल काल मिळाला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तिसऱ्या फेरीनंतर चारच दिवसांत स्पष्ट कळवलंत, त्याबद्दल आभार. याआधी दोन ठिकाणी मी महिना-महिना वाट पाहिली आणि उत्तर आलंच नाही.

निर्णय मला मान्य आहे. फेरविचार व्हावा म्हणून हा मेल नाही. शेवटच्या फेरीत माझं काम तुम्ही जवळून पाहिलंत, म्हणून दोन गोष्टी तुम्हालाच विचारते.

विक्री आणि परताव्याचा रिपोर्ट दाखवताना तुम्ही विचारलंत, "हा आकडा जास्त वाटत नाही का?" मी लगेच म्हणाले, "डेटाच तसा आहे." घरी येऊन क्वेरी पुन्हा चालवली. ऑर्डरच्या टेबलला परताव्याचं टेबल थेट `LEFT JOIN` केलं होतं. ज्या ऑर्डरमधल्या तीन वस्तू वेगवेगळ्या परत आल्या, तिची रक्कम बेरजेत तीनदा धरली गेली. आधी ऑर्डरनिहाय परताव्यांची बेरीज करून मग जोडायला हवं होतं. चूक कळली. पण तुम्हाला जास्त खटकलं ते काय: ती चूक, की न तपासता मी आकड्याची बाजू घेतली ते? माझा अंदाज दुसरं. तो चुकीचा असेल तर तसं सांगा.

दुसरं, सेल्सच्या सरांना निष्कर्ष समजावत असताना ते मध्येच लॅपटॉपकडे वळले. मी फार लांबण लावली का? की मुद्दाच उशिरा आला? हे मला स्वतःला आतून कळत नाही, समोरच्यानेच सांगावं लागतं.

या दोन्ही गोष्टी गौण असतील आणि अडलं भलत्याच ठिकाणी असेल, तर माझे प्रश्न बाजूला ठेवून तेवढंच सांगा. अनुभव कमी पडला असेल तर तेही चालेल. दोन ओळी पुरेत, आणि शब्द जपून वापरायची गरज नाही. तुम्ही जे सांगाल त्यावर मी उलट वाद घालणार नाही. लिहून देणं अडचणीचं असेल तर तुमच्या सोयीने दहा मिनिटं फोनवरही बोलू. नंबर बायोडेटावर आहे.

कंपनीच्या नियमामुळे असं सांगता येत नसेल, किंवा सध्या वेळ नसेल, तर या मेलला उत्तर आलं नाही तरी मी गैरसमज करून घेणार नाही.

जाता जाता, दुरुस्त केलेली क्वेरी सोबत जोडली आहे. गुणांसाठी नाही, अर्धवट राहिलेलं काम डोक्यातून जात नव्हतं, इतकंच.

आपली,
अनुजा