मेजवानी आदेशपत्रक: स्वयंपाकघर व सेवा विभागासाठी मराठी प्रत

कार्यक्रम: वार्षिक पारितोषिक भोजन, मुख्य सभागृह
दिनांक: शनिवार, 14 मार्च 2026
आवृत्ती 2 (आवृत्ती 1 ची प्रत कोणाकडे असल्यास ती नष्ट करावी.)

संख्या
यजमानांनी हमी दिलेली संख्या 180 असून मांडणी आणि स्वयंपाक 190 जणांसाठी करायचा आहे. हमीच्या 180 मध्ये 120 शाकाहारी व 60 मांसाहारी पाहुणे आहेत. वरची 10 ताटे शाकाहारीच ठेवावीत, कारण ती कोणालाही देता येतात. टेबल क्र. 4 वरील तिघांना शेंगदाणे व सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे. त्यांचे जेवण वेगळ्या भांड्यांत शिजवून, झाकून आणि नावाची चिठ्ठी लावून द्यावे, आणि ते कॅप्टननेच वाढावे. ध्वनिव्यवस्था व छायाचित्रणाच्या 12 जणांचे जेवण या संख्येत धरलेले नाही. ते सायंकाळी 6 वाजता मागच्या खोलीत द्यावे.

मांडणी
सहा फुटी गोल टेबले 19, प्रत्येकी 10 खुर्च्या. टेबल क्र. 19 राखीव असून ते प्रवेशद्वाराजवळ पूर्ण मांडून ठेवावे. शाकाहारी पाहुण्यांच्या जागी हिरवे कार्ड व मांसाहारी पाहुण्यांच्या जागी पांढरे कार्ड असेल, त्यामुळे वाढताना पाहुण्यांना विचारत बसण्याची गरज पडू नये. स्वयंपाकघराच्या दारापासून व्यासपीठापर्यंतची वाट मोकळी राहील आणि तिच्यात एकही खुर्ची येणार नाही, याची खात्री दार उघडण्यापूर्वी करावी.

वेळा
सभागृह दुपारी 2 वाजता ताब्यात येईल, मांडणी 5:30 पर्यंत पूर्ण होईल आणि 5:45 ला सर्वांची बैठक होईल. दार 6:30 ला उघडेल व 7:15 पर्यंत स्वागतपेये फिरवली जातील. सूप 7:40 ला, मुख्य जेवण 8:10 ला. पारितोषिक वितरण 9:00 ते 9:30 या वेळेत असल्याने त्याआधी सर्व ताटे उचललेली असावीत आणि त्या अर्ध्या तासात सभागृहात कोणीही भांडी हलवू नयेत. गोड पदार्थ 9:30 ला, चहा-कॉफी 9:45 ला, समारोप 10:30 ला. सभागृह 11:30 पर्यंत रिकामे करून द्यायचे आहे.

सूपच्या आधीचे स्वागतभाषण 20 मिनिटांचे ठरले आहे, पण ते लांबण्याची शक्यता गृहीत धरावी. म्हणून मुख्य जेवणाची ताटे घड्याळ पाहून भरू नयेत. सूपचे बाऊल उचलायला सुरुवात झाली, असा निरोप कॅप्टनकडून आल्यावरच भरायला घ्यावीत आणि तोवर पदार्थ हॉटबॉक्समध्ये 60 अंश सेल्सिअसच्या वर राखावेत. ताटे भरून ठेवल्यास ती दिव्याखाली कोरडी पडतात आणि मग परत भरावी लागतात, तेवढा वेळ त्या रात्री नाही.

सेवा
9 वाढपी, प्रत्येकाकडे दोन टेबले, टेबल क्र. 19 गरज पडल्यास कॅप्टन सांभाळतील. एका टेबलावरील सर्व दहा ताटे एकत्रच पोहोचावीत, यासाठी शेजारच्या दोन वाढप्यांनी जोडीने काम करावे.

संख्येत किंवा वेळेत बदल झाल्यास तो केवळ बँक्वेट मॅनेजरकडून, लेखी स्वरूपात आणि एकाच वेळी दोन्ही विभागांना कळवला जाईल. तोंडी निरोपावर स्वयंपाकघराने प्रमाण बदलू नये.