विषय: दवाखान्याची स्थगित केलेली नोंद पूर्ववत करण्याबाबत

माननीय पडताळणी विभाग,
सप्रेम नमस्कार.

अमळनेर येथील आमच्या मधुमेह दवाखान्याची आपल्या ॲपवरील नोंद सोमवारी सकाळपासून स्थगित झाली असून, शुश्रूषागृह नोंदणी प्रमाणपत्र जोडलेले नाही, असे कारण आपण कळवले आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ अन्वये ही नोंदणी रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी असते. आमच्याकडे एकही खाट नाही. येथे केवळ बाह्यरुग्ण तपासणी होते. त्यामुळे हे प्रमाणपत्र आमच्याकडे असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डॉक्टरांचे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचे नूतनीकरण झालेले प्रमाणपत्र सोबत पुन्हा जोडले आहे.

नोंदीपेक्षाही मला अधिक काळजी आधीच वेळ घेतलेल्या रुग्णांची वाटते, कारण त्यांची नावे व फोन नंबर केवळ आपल्या ॲपवर आहेत आणि ती यादीच आम्हाला दिसेनाशी झाली आहे. उपाशीपोटी रक्त तपासायचे म्हणून चोपडा, पारोळ्याकडची वयस्कर माणसे पहाटेच्या एसटीने निघतात. काल एक आजी काउंटरवर मोबाइलमधला आपला मेसेज दाखवत उभ्या होत्या आणि माझ्याकडे त्यांची वेळच दिसत नव्हती. उपाशी मधुमेही रुग्णाला असे ताटकळत ठेवणे धोक्याचे आहे.

तरी पडताळणी पूर्ण होईपर्यंत किमान आगामी भेटींची यादी आजच खुली करावी आणि नोंद शक्य तितक्या लवकर पूर्ववत करावी, ही आग्रहाची विनंती.

आपली विश्वासू,
स्वागतिका, मधुमेह दवाखाना,
अमळनेर, जि. जळगाव