मे अखेरचे फीडबॅक कॉल: कोणती तक्रार वरची, कोणती खालची, लोकांच्याच शब्दांत

सर,

तुम्ही मागितल्याप्रमाणे मे महिन्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांतले आपल्या वॉटर प्युरिफायर सर्व्हिसचे ७२ फीडबॅक कॉल टाइप करून घेतले आणि सगळे स्वतः वाचले. ६ कॉल मध्येच कट झाले, ८ जणांची काहीच तक्रार नव्हती. उरलेल्या ५८ कॉलमध्ये मिळून १२१ तक्रारी निघाल्या, कारण फोन उचलल्यावर माणूस एकच गाऱ्हाणं सांगून थांबत नाही. एकाच कॉलमध्ये तीच गोष्ट पाच वेळा आली तरी ती एकदाच धरली आहे.

एक गोष्ट आधी सांगते. सिस्टीममधला ‘तक्रारीचा प्रकार’ मी बाजूला ठेवला. कॉल घेणाऱ्या मुली घाईत पहिला दिसेल तो पर्याय निवडतात, त्यामुळे निम्म्या गोष्टी ‘टेक्निशियन उशिरा’ या एकाच खान्यात जाऊन बसल्यात. खालचा क्रम ग्राहक जे बोलला त्यावरून लावला आहे. वाक्यं बोलली तशीच ठेवलीत, हिंदीतली हिंदीत.

१. आला नाही, आणि येणार नाही हे कळवलंही नाही (३१ कॉल)

हीच पहिली, आणि दुसरीपेक्षा बरीच पुढे.

“सकाळपासून घरात अडकून बसलेय हो मी.”
“दहा ते दोन म्हणजे नेमकं कधी? दोन वाजून गेले, चार वाजले.”
“एक फोन करायला काय जातं तुमचं?”
“आप लोग बस टाइम देते हो, आते नहीं हो.”
“येणार नव्हता तर सांगायचं ना. मी हाफ डे टाकला, तो फुकट गेला.”

आपल्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये हे सगळं ‘उशीर’ म्हणून जातं आणि मग आपण टेक्निशियन वाढवायच्या गोष्टी करतो. पण ३१ पैकी फक्त ५ जण निव्वळ उशिरावर चिडले होते. बाकीच्या २६ जणांचा राग न कळवण्यावर आहे. पाटलीपाड्याच्या एका गृहस्थांनी तर स्वतःच आपली बाजू मांडली: “कापूरबावडीला काय हालत असते मला माहीत आहे, मी रोज तिथूनच येतो. उशीर होणारच. पण मग सांगा की.” यापेक्षा समजूतदार ग्राहक कुठे मिळणार?

३१ पैकी १९ कॉल घोडबंदर रोडवरच्या मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यातले आहेत. नौपाडा, वर्तकनगरचे मिळून ६. मुलं सकाळी नौपाड्याच्या ऑफिसातून पार्ट घेऊन निघतात, जवळची कामं आधी उरकतात आणि घोडबंदर दुपारवर ढकलतात. दुपारचं संध्याकाळवर जातं, संध्याकाळी रस्ता तुंबतो, शेवटचे दोन व्हिजिट उद्यावर. त्या दोघांना फोन कुणी करायचा, हे आपल्याकडे ठरलेलंच नाही. टेक्निशियनला वाटतं ऑफिस करेल, ऑफिसला वाटतं तो करेल.

२. काम झालं नाही, तरी तक्रार बंद (२२ कॉल)

मोजणीत दुसरी, पण आवाज सगळ्यात चढलेला याच कॉलमध्ये.

“मेसेज आला, तुमची तक्रार सोडवली. अहो, कुणी सोडवली? मी दारही उघडलेलं नाही.”
“पार्ट आणून देतो म्हणाला, तोपर्यंत ओटीपी द्या म्हणाला. ओटीपी गेला, तोही गेला.”
“तुमच्याकडे क्लोज दाखवतंय, माझ्याकडे बादली भरतेय.”

एक कॉल थोडा जसाच्या तसा देते, म्हणजे आपण कसे ऐकू येतो ते कळेल. कासारवडवलीच्या एक काकू, वय साठीच्या पुढे असावं.

“मॅडम, आमच्या टेक्निशियननी दिलेली सेवा तुम्हाला कशी वाटली?”
“कोण टेक्निशियन?”
“मॅडम, बुधवारी व्हिजिट झाली आहे.”
“बुधवारी आला, झाकण उघडलं, मेम्ब्रेन गेलीय म्हणाला. नवीन आणतो म्हणाला. आज सोमवार.”
“ठीक आहे मॅडम. एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?”
“बाळा, तू ऐकतेयस का मी काय बोलतेय?”

आपल्या मुलीची चूक नाही. तिला दिलेल्या स्क्रिप्टमध्ये या प्रश्नाचं उत्तरच नाही. फीडबॅक कॉल लागतो तो तक्रार बंद झाल्यावर. म्हणजे ज्याचं काम अर्धवट आहे, त्यालाच आपण फोन करून ‘कसं वाटलं’ विचारतो. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

असं का होतं ते मी तीन टेक्निशियनशी बोलून विचारलं. २४ तासांत तक्रार बंद झाली नाही तर इन्सेंटिव्ह कापला जातो. ‘पार्टसाठी थांबलंय’ असा पर्याय अॅपमध्ये नाही. मग ते ओटीपी घेऊन बंद करतात आणि पार्ट आला की नवीन तक्रार टाकतात. काही वेळा टाकायचं राहून जातं. मुलं खोटारडी नाहीत, आपण त्यांना दुसरी वाट ठेवलेली नाही.

३. पैसे: किती, यापेक्षा कधी सांगितले (१९ कॉल)

“एएमसी घेताना सगळं त्यात येतं म्हणाले होते. आता मेम्ब्रेन त्यात नाही?”
“मशीन उघडून ठेवलं आणि मग रक्कम सांगितली. आता नाही कसं म्हणणार?”
“जुना पार्ट दाखवा म्हटलं तर पिशवीत टाकून निघाला.”

१९ पैकी ४ जणच महाग म्हणाले. बाकी १५ जणांना रक्कम जड नव्हती, ती ऐन वेळी कळली याचा त्रास होता. आपल्या साध्या प्लॅनमध्ये सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर येतात, मेम्ब्रेन, पंप आणि अॅडॉप्टर येत नाहीत. हे कार्डाच्या मागच्या बाजूला आहे, मुंगीएवढ्या अक्षरात. मी चष्मा लावून वाचलं.

३ कॉलमध्ये “त्याच्याच नंबरवर जीपे केलं, बिल नाही आलं” असं आलंय. ते कॉल या रिपोर्टमध्ये घातलेले नाहीत, वेगळ्या पाकिटात तुमच्याकडे देते.

४. दुरुस्त करून गेला, पुन्हा तेच (१७ कॉल)

“फिल्टर बदलला त्या दिवसापासून खालून गळतंय.”
“रात्री दोनला उठले तर ओट्याखाली तळं.”
“आधी आवाज नव्हता, आता ट्रॅक्टर चालू असल्यासारखं वाटतं.”

यातले ११ गळतीचे, आणि त्यातले बहुतेक फिल्टर बदलल्यावर आठवड्याभरातले. हाउसिंगची रिंग नीट बसवली नाही किंवा पाइप एल्बोमध्ये पूर्ण आत गेला नाही की असंच होतं. लगेच कळत नाही, प्रेशर वाढलं की सुटतं. घाईत केलेलं काम. प्रत्येक वेळी नवीन तक्रार नंबर पडतो म्हणून आपल्या आकड्यांत ‘पुन्हा उघडलेल्या तक्रारी’ जवळजवळ शून्य दिसतात. तो शून्य खरा धरू नका.

५. फोन लागत नाही, लागला तर पहिल्यापासून सांगा (१४ कॉल)

“एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका.”
“चौथ्यांदा सांगतेय, तुमच्याकडे लिहून ठेवत नाहीत का?”

याच्यावर जास्त लिहीत नाही. वरच्या दोन सुटल्या तर हे कॉल आपोआप कमी होतील, कारण १४ पैकी १२ जण पहिल्या किंवा दुसऱ्या तक्रारीसाठीच फोन लावत होते.

६. पाण्याची चव (९ कॉल)

क्रमाने खाली आहे, पण मला हिची काळजी जास्त वाटते.

“पाणी मचूळ लागतंय. चहा फाटल्यासारखा होतो.”
“टीडीएस किती विचारलं तर म्हणे ठीक आहे. ठीक म्हणजे किती?”
“टँकरचं पाणी आहे काकू, आम्ही काय करणार, असं म्हणाला.”

९ पैकी ७ घोडबंदर पट्ट्यातल्या सोसायट्यांमधले. मे महिन्यात तिथे टँकर आणि बोअरवेल यावर भिस्त वाढते, क्षार जास्त येतात आणि मेम्ब्रेन लवकर बसते. नौपाड्यात दोन-अडीच वर्षं चालणारी तिथे तेवढी टिकत नाही. टेक्निशियन बोलला ते चूक नाही, पण ग्राहकाला ते हात झटकणं वाटतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मीटर प्रत्येकाच्या बॅगेत आहे. आत येणारं आणि बाहेर पडणारं, दोन्ही आकडे ग्राहकासमोर मोजून कार्डावर लिहिले तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

काळजी वाटते ती अशासाठी: या ९ पैकी ४ जण ‘पुढच्या वर्षी एएमसी घेणार नाही’ म्हणाले. पहिल्या क्रमांकाच्या ३१ मध्ये असे ५ च होते. न आल्याबद्दल लोक चिडतात आणि विसरतात. पाण्यावरचा विश्वास गेला की मशीनच बदलतात.

७. वागणूक आणि पसारा (६ कॉल)

“चप्पल घालून थेट ओट्यापर्यंत.” “सगळं पाणी फरशीवर, पुसायचं मी.” उरलेल्या ३ तक्रारी किरकोळ, त्यातली एक आपल्या कॅलेंडरवर एकादशी चुकीची छापल्याची. तपासलं, खरंच चुकलीय.

आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. हे कॉल फक्त बंद झालेल्या तक्रारींवर केलेले आहेत, ज्यांची तक्रार अजून उघडी आहे त्यांचा आवाज यात नाही. आणि आपण ११ ते ५ मध्ये फोन करतो, त्यामुळे बहुतेक गृहिणी आणि निवृत्त मंडळीच बोलली. नोकरीवाले फोन कापतात. हाफ डे फुकट गेलेले नक्की याहून जास्त असणार.

सोमवारच्या मीटिंगला मला दोनच गोष्टी मांडायच्या आहेत. दुपारी १ वाजता ऑफिसातून एकाने दिवसाची यादी उघडून, ज्यांच्याकडे आज जमणार नाही त्यांना फोन करायचा. त्यासाठी नवीन माणूस नको, मी बघते. आणि अॅपमध्ये ‘पार्टसाठी थांबलंय’ हा पर्याय टाकून तेवढा वेळ २४ तासांतून वगळायचा. दुसऱ्याला तुमची सही लागेल.

कासारवडवलीच्या काकूंची तक्रार आज सकाळपर्यंत सिस्टीममध्ये बंदच होती. मी उघडली आहे. मेम्ब्रेन स्टोअरमधून काढून काउंटरवर ठेवलीय, पैसे घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. उद्या जो जाईल त्याने निघताना आधी त्यांना फोन करायचा, एवढं मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून पार्टला चिकटवलंय.

फीडबॅक डेस्क, नौपाडा ऑफिस