महिला विश्वचषक २०२५ अंतिम सामना: पूर्ण वृत्तांत आणि तीन वाक्ये

सकाळच्या बातमीपत्रासाठी. आधी वार्ताहराची बातमी आली तशी, खाली तिचा तीन वाक्यांचा मजकूर. वाचणाऱ्यासमोर फक्त खालचा भाग जाईल.

वृत्तांत

नवी मुंबई, ता. २ नोव्हेंबर: पावसाने दोन तास खाल्ले, पण षटके कमी झाली नाहीत आणि डी. वाय. पाटील स्टेडियम भरलेलेच राहिले. मध्यरात्रीच्या सुमारास कर्णधार हरमनप्रीत कौरने नादिन डी क्लर्कचा झेल घेतला आणि भारतीय महिलांच्या हाती पहिल्यांदाच विश्वचषक आला.

दक्षिण आफ्रिकेने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. स्मृती मानधना (४५) आणि शफाली वर्मा यांनी १०४ धावांची सलामी दिली. प्रतिका रावल जखमी झाल्यामुळे ऐनवेळी संघात आलेली शफाली ७८ चेंडूंत ८७ धावा करून गेली. अर्धशतकानंतर तिचा एक झेलही सुटला होता. १६६ धावांवर ती बाद झाली, पाठोपाठ जेमिमा रॉड्रिग्जही गेली. दोन्ही बळी आयाबोंगा खाकाचे. इथून धावगती मंदावली. दीप्ती शर्माने ५८ चेंडूंत ५८ धावा करत डाव धरून ठेवला आणि रिचा घोषने २४ चेंडूंत ३४ धावा ठोकल्या, म्हणून ७ बाद २९८ पर्यंत मजल गेली. खाकाने ५८ धावांत ३ बळी घेतले.

आफ्रिकेच्या सलामीच्या जोडीने ५१ धावा जोडल्यावर अमनजोत कौरच्या थेट फेकीने ताझमिन ब्रिट्स धावबाद झाली. अॅनेके बॉशला श्री चरणीने भोपळाही फोडू दिला नाही. कर्णधार लॉरा वोल्वार्ट आणि सुने लूस यांची जोडी मात्र जमली होती. तेव्हा हरमनप्रीतने चेंडू शफालीकडे दिला. ती नियमित गोलंदाज नव्हे, पण तिने पहिल्याच षटकात लूसला स्वतःच्याच गोलंदाजीवर टिपले आणि पुढच्या षटकात मरिझान कापला यष्टीमागे झेल द्यायला लावला. आफ्रिका ४ बाद १२३.

तरीही वोल्वार्ट हटली नाही. अॅनेरी डर्कसनसह तिने ६१ धावा जोडल्या. दीप्तीने डर्कसनचा त्रिफळा उडवला, मग वोल्वार्टचे शतक झाले. ४२ व्या षटकात तिने दीप्तीला उंच मारले. सीमेजवळ अमनजोतच्या हातांतून चेंडू उसळला, पुन्हा उसळला आणि अखेर हातात राहिला. ९८ चेंडूंत १०१. त्याच षटकात क्लोई ट्रायॉनही पायचीत झाली आणि सामना संपल्यातच जमा झाला. आफ्रिकेचा डाव ४५.३ षटकांत २४६ वर आटोपला. दीप्तीने ३९ धावांत ५ बळी घेतले. शफाली सामनावीर ठरली, तर २२ बळी आणि २१५ धावा करणारी दीप्ती स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू.

तीन वाक्यांत

भारताने ७ बाद २९८ धावा करून दक्षिण आफ्रिकेला ४५.३ षटकांत २४६ वर गुंडाळले आणि ५२ धावांनी जिंकत महिला विश्वचषक पहिल्यांदाच पटकावला. शफाली वर्माने लागोपाठच्या षटकांत लूस आणि कापला बाद केले तेव्हा सामना भारताकडे झुकला, तर १०१ धावा करणाऱ्या वोल्वार्टचा अमनजोत कौरने घेतलेला झेल आफ्रिकेची आशा संपवून गेला. ८७ धावा आणि २ बळींसह शफाली सामनावीर ठरली, दीप्ती शर्माने ५८ धावा आणि ५ बळी घेतले, आणि हरलेल्या संघाकडून वोल्वार्ट ४२ व्या षटकापर्यंत झुंजली.

उपसंपादकाची टीप

स्मृतीचे नाव वरच्या तीन वाक्यांत नाही, हे सांगलीकरांना खुपेल. पण शंभरावर गेलेल्या सलामीचा जवळपास अर्धा वाटा उचलूनही सामना तिच्यापाशी फिरला नाही. रिचाची खेळीही याच कारणाने गेली. खाकाचे ३ बळी शेवटच्या क्षणी काढले, कारण तिने भारताला रोखले ते २९८ वर, आणि तेवढ्या धावा पुरल्या. पावसाला मथळ्यात जागा द्यायची नाही, षटक एकही कमी झालेले नाही. ब्रिट्सचे धावबाद होणे आत घ्यायचे की नाही, यावर मात्र अजून वाद आहे. वार्ताहर म्हणतो, खरे वळण तेच. पण त्यानंतरही वोल्वार्ट तासाहून अधिक खेळली, म्हणून ते बाहेरच ठेवले आहे. जागा वाढली तर पहिले तेच आत घ्या.